माय जिकडं बघत नव्हती

१

शनिवार म्हटला की सुकन्याच्या पोटऱ्या सकाळपासूनच दुखायला लागायच्या. अजून कॉलेजचे तास व्हायचे असायचे, अजून बसचा पत्ता नसायचा, पण पायांना मात्र सगळं आधीच ठाऊक. लातूरच्या एका कॉलेजात ती सिनेमा कसा बघावा हे शिकवायची. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलं तर पैसे आणि सुट्टी लागली तर उपास. लग्न मोडून जमाना झाला, ते राहू द्या. शनिवारी दुपारी तास संपला की खांद्याला बॅग लावायची, त्यात मायची औषधं, थोडी फळं. मग औसा, लामजना करत निलंग्याला जायचं. रविवारी संध्याकाळी त्याच बसनं, बहुतेक उभ्यानंच, परत यायचं.

माय म्हणजे मंजुळाबाई. उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडली, तेव्हापासून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की यांना एकटं ठेवू नका. सांगायला काय जातंय! भाऊ मृत्युंजय नांदेडला, त्याचं तिकडं बिऱ्हाड. तो फोनवर एकच पाढा म्हणायचा, "ताई, तू लातूरला घेऊन जा तिला. घराला कुलूप लावू." आणि माय एकच उत्तर द्यायची, "म्या हितून हलणार न्हाई." या दोघांच्या मधे सुकन्याचं पार पिठलं झालं होतं. दर रविवारी बस सुटताना ती खिडकीतून मागं बघत राहायची. पुढच्या शनिवारी दार उघडायला माय असेल ना?

त्या शनिवारीही माय होती. दार उघडून म्हणाली, "आलीस का गं सुकन्या? बस."

घर साधंच. सिमेंटच्या दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत शिरलं की समोर स्वयंपाकघराची चौकट, तिला दार नाही, नुसता पडदा. चौकटीला लागून भिंतीशी लोखंडी पलंग. सुकन्या वर्षानुवर्षं त्या पलंगावर बसायची, भिंतीला पाठ टेकून. आजही तिथंच अंग टाकलं आणि मग तिच्या ध्यानात आलं की बाबांची खुर्ची जागेवर नाही.

बाबा जाऊन चार पावसाळे झाले होते, बाहेरच्या दाराच्या वर त्यांचा फोटो लागला होता. त्यांची ती सागवानी खुर्ची टीव्हीच्या पलीकडं कोपऱ्यात असायची, दोन माणसांशिवाय न हलणारी. आता ती खिडकीपाशी मायच्या खुर्चीसमोर येऊन बसली होती.

"कुणी हलवली गं ही?"

"म्या न्हाई बाई. माझ्यानं हलती का ती?"

"मग शेजारच्या दानम्मामावशीनं?"

"असंल," माय म्हणाली आणि बोलता बोलता तिची नजर स्वयंपाकघराच्या पडद्याकडं गेली. पदर सारखा करून ती जरा लाजल्यासारखी हसली. मग पुन्हा सुकन्याकडं बघून बसच्या गर्दीची चौकशी करू लागली.

सुकन्यानं मान वळवून पाहिलं. पडदा, त्याच्या मागं ओटा, ओट्यावर दुधाचं पातेलं. मांजर असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

२

सोमवारी वर्गात तिचा आवडता धडा होता. पुस्तकात त्याला भलंमोठं फ्रेंच नाव, पोरांची जीभ अडखळायची. ती आपली 'मांडणी' म्हणायची. उदगीरकडच्या जुन्या पोरांनी केलेला तीन मिनिटांचा एक प्रसंग ती दर वर्षी याच धड्याला दाखवायची.

प्रसंग असा. बाप वारल्यावर बहीण माहेरी येते. भाऊ घरात बसलेला. तो विचारतो, "कधी निघणार?" ती म्हणते, "चहा घेते." संपलं. वाटणी नाही, शेत नाही, भांडण नाही.

"तरी तुम्हाला काय कळलं?" सुकन्यानं विचारलं.

"हे घर तिचं राहिलं न्हाई, मॅडम," पहिल्या बाकावरची शरणम्मा म्हणाली.

"कोण बोललं तसं?"

"कुणीच न्हाई."

"मग कळलं कसं?"

आणि मग सुकन्याचा थकवा थोडा वेळ पळायचा. ती पडद्यावरचं चित्र थांबवून एकेक गोष्ट दाखवायची. भाऊ बसलाय तो बापाच्या सागवानी खुर्चीत. भिंतीवर बापाचा फोटो आहे, बरोबर त्याच्या डोक्यावर. भिंत काळपट, त्याचा सदरा पांढराशुभ्र, म्हणून डोळा आधी त्याच्याकडं जातो. बहिणीची साडी दारावरच्या पडद्याच्याच रंगाची, त्यामुळं ती त्या पडद्यात विरून जाते. ती उभी आहे ते दाराच्या चौकटीत. म्हणजे चित्राच्या चौकटीत आणखी एक चौकट, आणि त्या चौकटीतून तिचा पाय आत पडत नाही. कॅमेरा खाली ठेवलाय, म्हणून बसलेला भाऊसुद्धा मोठा वाटतो. दोघांच्या मधे मोकळी फरशी, उगीच सोडलेली नाही, तेवढं अंतर पडलंय त्यांच्यात. चहाचा कप एकच, तोही भावाच्या बाजूला.

"आणि आता तिचं काम बघा. नटीनं काय केलं?"

पोरं पडद्यावर शोधू लागली, तशी तिनंच सांगितलं.

"खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. पाहुणी आहे ती. ज्या क्षणी पिशवी खाली ठेवील, त्या क्षणी ती त्या घरातली होईल. यातली एकटी वस्तू काही बोलत नाही. खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची, साडी म्हणजे साडी. सगळ्या मिळून बोलतात. आणि हे आपोआप होत नसतं. कुणीतरी ते मांडलेलं असतं."

घंटा झाली. पोरं उठली तरी ती पडद्यावरच्या त्या सागवानी खुर्चीकडं बघत राहिली. मग स्वतःलाच म्हणाली, सुकन्याबाई, जेवा आता, ॲसिडिटी वाढेल.

३

पुढच्या शनिवारी टीव्ही हलला होता. खोलीच्या मधल्या स्टुलावरून तो पार दाराआड गेला होता. तिथून तो कुणालाच नीट दिसला नसता.

"दिसतंय का गं तुला तिथून?"

"मला कुठं बघायचाय? मधेच येत होता," माय म्हणाली.

"कुणाच्या मधे?"

मायनं चहा टाकला.

त्याच्या पुढच्या खेपेला कपाटावरची जुनी बोचकी गेली, भिंतीवरचं घड्याळ हातभर खाली आलं. आणि मायचं राखाडी सुती लुगडंही गेलं. नुसत्या लग्नकार्याला निघणारं गर्द हिरवं इरकल ती घरात नेसून बसली होती. पिवळट भिंतीपुढं ती कशी उठून दिसत होती! सुकन्याला तर बरंच वाटलं. बाई पडल्यापासून अंथरुणाला खिळल्यासारखी झाली होती, आता नटून बसायची हौस आली म्हणजे तब्येत सुधारली.

"आणि तू गं?" मायनं तिला खालून वर न्याहाळलं. "दर टायमाला हेच मातकट कपडे. भिंतीत अन् तुझ्यात फरक कळंना. रंगाचं कायतरी घालत जा की. जांभळं बरं दिसतंय तुला."

"कोण बघतंय मला माय!"

माय हसली.

अजून एक सुधारणा होती. आधी बोलता बोलता मायची नजर सारखी स्वयंपाकघराकडं पळायची, आता ती अजिबात पळेना. माय खिडकीकडं बघे, सुकन्याकडं बघे, बाहेरच्या दाराकडं, घड्याळाकडं, हातातल्या कपाकडं बघे. निवांत, ठाकठीक. सुकन्यानं रात्री मृत्युंजयला फोन करून सांगितलंसुद्धा, "माय बरी हाय रे. ते मधेच हरवल्यासारखं बघणं बंद झालं." भावानं सुटकेचा निःश्वास टाकला. ती जरा हलकी होऊन झोपली.

रविवारी निघताना शेजारची दानम्मा कुंपणापाशी भेटली. मायचा डबा तीच करायची, घराची किल्लीही तिच्याकडं.

"मावशी, ती खुर्ची तुम्ही हलवली का?"

"शिव शिव! माझी कंबर बघ, अन् ती खुर्ची बघ," दानम्मा म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अव्वा पोरी, एक इचारू का? तुझी माय जप करती का कसला?"

"जप? नाही बा. का?"

"दुपारच्याला एकच वाक्य म्हणत राहती. एकदा हळू, एकदा जोरात, एकदा हसून. मधी थांबती, अन् पुन्ना तेच. म्या डबा घेऊन दाराशी हुबी राहिले तर संपायचं नावच न्हाई."

"काय म्हणते?"

"'आलीस का गं सुकन्या? बस.'"

दानम्माचे डोळे ओलावले. "लई जीव हाय बाई तिचा तुझ्यावर," ती म्हणाली. सुकन्यालाही तेच वाटलं. पण बसमधे दांडीला लोंबकळताना तिला आठवलं, गेल्या काही शनिवारी माय हेच वाक्य म्हणाली होती. आणि प्रत्येक शनिवारी ते आधीपेक्षा जास्त चांगलं म्हणाली होती.

४

आता तुम्ही म्हणाल, शिकवणारी बाई, चौकटी वाचून पोट भरणारी, तिला स्वतःच्या घरातली मांडणी वाचता येऊ नये? अहो, दिव्याखाली अंधार असतो तो काय उगाच. आणि दमलेलं माणूस सोपी गोष्ट आधी मानतं.

तिनं वाचली की. पुढच्या शनिवारी पलंगावर बसून वाचली, भिंतीला पाठ टेकून, आणि तिला एक अर्थही लागला. समोरासमोर दोन खुर्च्या, त्यातली बाबांची रिकामी. माय सजून बसलेली. दोघांच्या मधे तिपाई, तिपाईवर दोन कप. म्हणजे माय बाबांची वाट बघत होती. म्हातारपणी मन असं मागं धावतं, डॉक्टर म्हणालेच होते. सुकन्याला भडभडून आलं. नवऱ्याशी आयुष्यभर दोन शब्द धड न बोललेली बाई, आणि आता त्याच्यासाठी इरकल नेसून बसते!

एकच गोष्ट तिला खुपत होती. खुर्च्या समोरासमोर होत्या खऱ्या, पण पूर्ण नाही. दोन्ही जरा तिरक्या, जरा बाहेर उघडलेल्या. घरात गप्पा मारणारी माणसं अशी बसत नाहीत. नाटकातली बसतात, तोंड प्रेक्षकाला दिसावं म्हणून. पण फरशी उंचसखल आहे, सरकली असेल, असं तिनं मनाला समजावलं.

त्या रविवारी तिनं सगळं मोडलं. दानम्माच्या जावयाला हाताशी घेऊन खुर्ची कोपऱ्यात नेली, टीव्ही स्टुलावर आणला, घड्याळ वर टांगलं. माय आपल्या खुर्चीतून बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "कशाला उगं दमतीस? पुन्ना करावं लागतंय सगळं."

"कुणाला?"

मायनं तोंड खिडकीकडं वळवलं.

पुढच्या शनिवारी सगळं पहिल्यासारखं तिरकं, मोकळं, जागच्या जागी. आणि आता पलंगावर गाद्या, वाकळा, उशा छातीइतक्या रचलेल्या. बसायला बोटभर जागा नाही. सुकन्या बॅग खांद्यावर घेऊन खोलीच्या मधे उभी राहिली.

"आलीस का गं सुकन्या? बस," माय म्हणाली. किती माया होती त्या आवाजात! आणि तिनं हातानं बाबांची खुर्ची दाखवली.

"नको, दिवसभर बसूनच होते," सुकन्या खोटंच बोलली आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर टेकली. मायचा चेहरा पडला. तिनं चहाही टाकला नाही. खोलीत कसलातरी कंटाळा भरून राहिला होता. तो मायचा नव्हता, तिचाही नव्हता.

५

बुधवारी वर्गात शरणम्मानं हात वर केला. "मॅडम, कॅमेरा तर चित्रात दिसत न्हाई. मग तो कुठं ठेवला होता ते कसं ओळखायचं?"

चांगला प्रश्न. सुकन्या उठली, खडू घेतला.

"पहिली गोष्ट, उंची. टेबलाचा वरचा पृष्ठभाग दिसतोय का? दिसत असेल तर कॅमेरा त्याच्या वर. फळीची खालची बाजू दिसली तर खाली. दुसरी गोष्ट, आड काय येत नाही ते बघा. खऱ्या घरात वस्तू एकमेकींच्या आड येतातच. जिथून कुठलीच गोष्ट आड येत नाही, तिथं कॅमेरा. वस्तू तिथूनच लावलेल्या असतात. बाकी कुठूनही बघा, खोली विस्कटलेली वाटेल. म्हणून मांडणी वाचताना पहिला प्रश्न हा, की हे कुणाच्या जागेवरून मांडलंय? तो न विचारता अर्थ लावला तर हमखास चुकतो."

तिनं फळ्यावर एक चौकट काढली, तिच्यापुढं एक ठिपका.

"आणि तिसरी खूण नटाची. नवा नट काय करतो? कॅमेऱ्याकडं बघतो. सारखी नजर जाते, लाजतो, कपडे सारखे करतो. मग त्याच्याकडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतात. हळूहळू तो तयार होतो. तयार झालेला नट सगळीकडं बघतो, खिडकीकडं, दाराकडं, समोरच्या माणसाकडं. फक्त एका जागेकडं कधीच बघत नाही. तेव्हा नट कुठं बघत नाही ते शोधा. तिथंच…"

खडू हातातच राहिला.

"मॅडम? बरं वाटंना का?"

सुकन्यानं पुस्तक मिटलं, वर्ग तसाच सोडला आणि बॅग उचलून बाहेर पडली. बसची वाट बघायची तयारी नव्हती. तिनं कोपऱ्यावरून भाड्याची गाडी ठरवली, येण्याजाण्याचे पैसे आगाऊ देऊन. माय काही म्हणो. आज उचलून आणायची.

६

उन्हं कलायला लागली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवून ती चालत गेली. दार नुसतं लोटलेलं. आतून आवाज आला.

"आलीस का गं सुकन्या? बस."

मग शांतता. कुणी काही सांगावं आणि ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यावं, एवढी.

"बरं," माय म्हणाली. आणि पुन्हा, जरा सावकाश, शेवटचा शब्द मऊ करून, "आलीस का गं सुकन्या? बस."

सुकन्यानं दार ढकललं. माय दचकली. हिरवं इरकल, अंबाड्यात फूल. खोलीत ती एकटीच होती.

"आज कशी गं? आज तुझा वार न्हाई!"

"माय, ऊठ. गाडी आणलीय. लातूरला जायचं."

उत्तराची वाट न बघता ती सरळ स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेली आणि पडदा सारला. ओटा, भांडी, डबे. कुणी नव्हतं, कुणी नसणारच होतं. मग नजर खाली गेली. उंबऱ्यापाशीची फरशी तिला दिसली. मायचा पाय दुखतो, तिच्यानं झाडू मारणं होत नाही, घरभर धुळीचा थर. फक्त तेवढ्याच जागेत धूळ नव्हती, पाट मांडून रोज कुणी बसावं तेवढ्या.

ती वळली. उभ्यानं खोली नेहमीसारखीच विस्कटलेली दिसली. मग तिनं गुडघे दुमडले आणि त्या जागेच्या अलीकडं, बसल्या माणसाच्या उंचीवर डोळे आणले.

सगळं जागेवर बसलं.

बाहेरचं दार बरोबर मधोमध आलं होतं, चौकटीत चौकट. येणारं माणूस त्यातूनच दिसणार. डावीकडं खिडकी, तिच्याशी माय, पिवळट भिंतीवर गर्द हिरवी. टीव्ही आड येत नव्हता, बोचकी नव्हती, घड्याळ रिकाम्या जागेत नेमकं उतरलेलं. दोन्ही खुर्च्या तिरक्या, दोन्ही इकडं उघडलेल्या. खिडकीतून आलेलं उतरतं ऊन मायच्या अंगावरून पुढं जाऊन रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं, जिथं बसलेल्या माणसाचा चेहरा येईल तिथं. तिपाईवर दोन कप, त्यातल्या एकाचा कान त्या खुर्चीकडं वळवलेला. आणि पलंग या चित्रात नव्हताच. वर्षानुवर्षं ती जिथं पाठ टेकून बसली, ती जागा याच भिंतीच्या पलीकडं होती, हातभर अंतरावर, पण चौकटीच्या बाहेर. बघणाऱ्याला ती तिथं कधी दिसलीच नव्हती.

म्हणून तर पलंग भरून टाकला होता. वाट बाबांची नव्हतीच. मायचं वाक्य, ऊन, कप, सगळं सुकन्यासाठी मांडलेलं होतं. सकाळी कपाटातून हाताला येईल ती ओढणी गळ्यात टाकून ती निघाली होती. आता तिनं खाली पाहिलं. ओढणी जांभळी होती.

७

"चल माय. पाया पडते तुझ्या, चल." सुकन्यानं तिचा दंड धरला. माय जागची हलली नाही. तेवढीशी म्हातारी, पण खुर्चीसारखीच जड झाली होती.

"येते की. कोण न्हाई म्हणलं?" माय म्हणाली आणि सुकन्या चपापली. आजवर माय असं कधी म्हणाली नव्हती. "नेतीस तिथं येते. लातूर म्हण, नांदेड म्हण. एकडाव बस फक्त हितं. चहा घे. मग निघू."

"इथं नको. गाडीत घेऊ चहा."

"अगं, एकडाव. म्या लई दमले गं सुकन्ये. किती दिवस झाले, रोज, दुपारभर." तेवढा एक क्षण तिच्या चेहऱ्यावरचं सगळं काम उतरलं. खाली नुसती थकलेली माय होती. "तू बसलीस की सुटले बघ म्या. लेकरा, बस गं."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

सुकन्यानं हिशेब केला, दमलेलं माणूस करतं तसा. चहाचे चार घोट घ्यायचे, मग मायला हाताला धरून दाराबाहेर काढायचं, की संपलं. कुलूप लावायचं, शनिवारच्या बसफेऱ्या संपल्या, खिडकीतून मागं बघणं संपलं. असली शंका वर्गात ठीक आहे. घरात खुर्ची म्हणजे शेवटी खुर्चीच की! आणि पाय तर असे भरून आले होते की उभं राहणंच होईना.

ती बाबांच्या खुर्चीत बसली.

ऊन तोंडावर आलं. कोमट, बरं वाटणारं ऊन. पाठीला लाकूड लागलं आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले. खांदे! तिनं खाली पाहिलं. बॅग खांद्यावर नव्हती. ती खुर्चीच्या पायाशी ठेवलेली होती, जराशी तिरकी, कुणाच्या आड न येणारी. आपण ती कधी ठेवली ते तिला आठवेना.

"आलीस का गं सुकन्या?" माय म्हणाली. इतकं सुरेख तिनं ते आजवर कधी म्हटलं नव्हतं. "बस."

"आले गं माय," सुकन्या म्हणाली. तिला असं म्हणायचं नव्हतं. तिला 'निघू' म्हणायचं होतं. पण शब्द आपसूक आले आणि आवाजही नेमका लागला.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबून आल्यासारखा. माय उठली नाही. सुकन्यालाही उठवेना.

बाहेरच्या दाराच्या वर बाबांचा फोटो होता, काचेचा. खुर्चीतून तो डोळ्यांच्या कडेनं दिसायचा. काचेत बाबांच्या चेहऱ्यावर स्वयंपाकघराची चौकट उमटली होती. पडदा तिनं मघाशी सारला तसाच बाजूला होता. उंबऱ्यावर, बसल्या माणसाच्या उंचीवर, आतल्या अंधारापेक्षा गडद काहीतरी होतं. ते जरासं एका बाजूला झुकलं, पुढच्या माणसाचं डोकं आड आल्यावर आपण झुकतो तसं.

सुकन्याची मान तिकडं वळायला लागली.

"तिकडं बघू नको बाई," माय ओठ न हलवता पुटपुटली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघितलं की पुन्ना पहिल्यापासून करावं लागतंय."

सुकन्यानं नजर खिडकीकडं नेली. मग घड्याळाकडं, मग मायकडं. गल्लीच्या तोंडाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. तिनं तिपाईवरचा कप उचलला. तो रिकामा होता. तिनं तो ओठाला लावला आणि सावकाश एक घोट घेतला.